दर एकदाच लिहा: दरपत्रकातून कोटेशनमध्ये आणि बिलात

दुकानदार, कंत्राटदार आणि त्यांच्याकडची हिशेबाची मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात. "आमची रेट लिस्ट एक्सेलमध्ये आहे, कोटेशनही एक्सेलमध्येच करतो. मग दर बघायला एक फाईल उघडायची आणि तोच आकडा दुसऱ्या फाईलमध्ये हाताने टाकायचा, हे कशासाठी? वस्तू लिहिली की दर आपोआप यायला नको का?"

यायला हवा, आणि येतोही. त्यासाठी बिलिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही, एक फॉर्म्युला पुरतो. मात्र तो नीट न समजता वापरला तर तो चुकीचा दरही तितक्याच बिनबोभाट आणून देतो. म्हणून या प्रकरणात फॉर्म्युला कसा लिहायचा हे थोडक्यात पाहू, आणि तो कुठे फसवतो यावर जास्त वेळ देऊ.

१. आधी दरपत्रक सरळ करा

उदाहरणासाठी इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं एक दुकान घेऊ. पुढचे दर समजुतीसाठी धरलेले आहेत. एका नव्या एक्सेल फाईलमध्ये पहिल्या शीटला `Dar` असं नाव द्या. नाव रोमन अक्षरांत ठेवलं की फॉर्म्युला टाइप करताना कीबोर्ड बदलावा लागत नाही. त्यात A ते E असे पाच कॉलम करा आणि पहिली ओळ शीर्षकांसाठी ठेवा.

| कोड (A) | वस्तू (B) | एकक (C) | दर ₹ (D) | जीएसटी (E) |
|---|---|---|---|---|
| W10 | वायर १ चौ. मिमी, ९० मी. | कॉइल | ११५० | १८% |
| W15 | वायर १.५ चौ. मिमी, ९० मी. | कॉइल | १७२० | १८% |
| W25 | वायर २.५ चौ. मिमी, ९० मी. | कॉइल | २७५० | १८% |
| AH1 | अँगल होल्डर | नग | २८ | १८% |
| CEM | सिमेंट ५० किलो | गोणी | ३०० | १८% |

इथे दोन पथ्यं पाळायची. एका ओळीत एकच वस्तू लिहायची, आणि मध्ये 'वायर विभाग', 'स्विच विभाग' असे मथळे घालायचे नाहीत. दराच्या कॉलममध्ये फक्त आकडा असावा. '१७२०/-' किंवा 'रु. १७२०' असं लिहिलं की संगणक ते अक्षरं म्हणून वाचतो, मग त्याचा गुणाकार होत नाही.

कोड कशाला, थेट वस्तूचं नाव का नको, असं तुम्हाला वाटेल. मराठीत वस्तूंची नावं लिहिणाऱ्यांसाठी याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. 'अँगल' हा शब्द घ्या. कोणी तो 'अ'वर चंद्रबिंदू देऊन टाइप करतो, तर कोणाच्या कीबोर्डवर 'अ', मग अर्धचंद्र, मग अनुस्वार अशी तीन चिन्हं उमटतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी पहिला शब्द चार चिन्हांचा आहे आणि दुसरा पाच. कोटेशन मोबाईलवर केलं आणि दरपत्रक दुकानातल्या संगणकावर, की ही गडबड हमखास होते. दर सापडत नाही आणि कितीही निरखून पाहिलं तरी कारण दिसत नाही. `AH1` मध्ये असा घोळ होत नाही. म्हणून शोध कोडवर घ्यायचा आणि नाव फक्त माणसाला वाचायला ठेवायचं.

२. फॉर्म्युला काय करतो

एसटी स्टँडवरचं वेळापत्रक आपण कसं वाचतो? डावीकडच्या गावांच्या नावांवरून बोट खाली नेतो, आपलं गाव आलं की थांबतो, आणि त्याच ओळीत आडवं सरकून वेळ पाहतो. `VLOOKUP` नेमकं हेच करतो. त्यातलं V हे अक्षर उभ्या दिशेसाठी आहे.

आता दुसऱ्या शीटवर कोटेशन करा. A मध्ये कोड, B मध्ये वस्तू, C मध्ये एकक, D मध्ये नग, E मध्ये दर आणि F मध्ये रक्कम. पाचव्या ओळीपासून माल सुरू होतो असं धरू. E5 मध्ये हे लिहा:

```
=VLOOKUP($A5,Dar!$A$2:$E$400,4,FALSE)
```

कंसात चार गोष्टी आहेत. पहिली, काय शोधायचं: A5 मधला कोड. दुसरी, कुठे शोधायचं: `Dar` शीटवरचा A2 ते E400 हा चौकोन. शोध नेहमी या चौकोनाच्या सर्वांत डावीकडच्या कॉलममध्येच होतो, म्हणून कोड A मध्ये ठेवला. तिसरी, सापडलेल्या ओळीतून कितव्या कॉलममधलं उत्तर आणायचं: दर चौथ्या कॉलममध्ये आहे, म्हणून 4. चौथ्या जागच्या `FALSE` चा अर्थ 'कोड तंतोतंत जुळला तरच दर दे'.

डॉलरची चिन्हं पैशांची नाहीत, ती खिळे आहेत. फॉर्म्युला खाली ओढला की एक्सेल प्रत्येक पत्ता एकेक ओळ खाली सरकवतो. A5 चा A6 व्हायलाच हवा. पण दरपत्रकाचा चौकोन सरकला तर दहाव्या ओळीपर्यंत पोचताना वरच्या वस्तू त्याच्या बाहेर पडतील. डॉलर त्याला जागेवर धरून ठेवतो. पत्ता टाइप करून F4 दाबलं की ही चिन्हं आपोआप लागतात.

B5 मध्ये हाच फॉर्म्युला 4 ऐवजी 2 घालून लिहा, C5 मध्ये 3 घालून. F5 मध्ये `=D5*E5`. आता A5 मध्ये `W15`, नग ४, आणि A6 मध्ये `AH1`, नग १२ टाकून पाहा. नाव, एकक, दर सगळं भरलं जाईल. वायरचे ६,८८० आणि होल्डरचे ३३६ मिळून ७,२१६ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९८.८८, एकूण ८,५१४.८८.

३. `FALSE` विसरलात तर

हा शब्द गाळला तरी फॉर्म्युला चालतो, आणि धोका तिथेच आहे. तो नसला की एक्सेल 'जवळपासचं चालेल' असं गृहीत धरतो. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं मानून तो मधली ओळ बघतो, तिथून वर जायचं की खाली ते ठरवतो, उरलेल्या भागाची पुन्हा मधली ओळ बघतो, आणि नेमका कोड नाही मिळाला तर त्याच्या आधीच्या ओळीवर थांबतो.

वरच्या यादीत `W20` असा कोड नाही. कोणी चुकून तो टाकला आणि फॉर्म्युल्यात `FALSE` नसेल, तर एक्सेल मधोमध असलेल्या `W25` पाशी जाईल, `W20` त्याच्या आधी यायला हवा म्हणून वर सरकेल आणि `W15` वर येऊन थांबेल. कोटेशनमध्ये १७२० हा दर दिसेल. ना लाल खूण, ना सूचना. गिऱ्हाइकाला माल दिल्यावर कळलं तर कळलं.

`FALSE` असेल तर त्याच जागी `#N/A` येईल, म्हणजे 'सापडलं नाही'. ती खूण तुमच्या बाजूची आहे. तिच्यामुळे चुकीचं कोटेशन बाहेर जात नाही.

'जवळपासचं' शोधणं उपयोगी पडतं ते नगांप्रमाणे सवलत देताना. १ पासून सवलत नाही, १० पासून ५ टक्के, ५० पासून ८ टक्के, असा छोटा तक्ता चढत्या क्रमाने लावा आणि तिथे `TRUE` वापरा. २३ नगांना १० ची ओळ लागू होईल. दरासाठी मात्र कायम `FALSE`.

४. `#N/A` झाकताना काळजी

कोटेशनच्या रिकाम्या ओळींत `#N/A` ची रांग दिसते, ती कोणालाच आवडत नाही. मग कोणीतरी सांगतं, "`IFERROR` लावून शून्य दाखव." हा सल्ला कृपा करून मानू नका. कोड चुकला की दर शून्य, रक्कम शून्य, आणि बेरीज छान जुळलेली दिसते. माल फुकट जातो. रिकामी ओळ आणि चुकलेला कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच हाताळाव्यात:

```
=IF($A5="","",IFNA(VLOOKUP($A5,Dar!$A$2:$E$400,4,FALSE),"यादीत नाही"))
```

कोड लिहिलाच नसेल तर सेल रिकामा राहतो. कोड लिहिला पण सापडला नाही तर 'यादीत नाही' असं दिसतं. रकमेसाठी F5 मध्ये `=IF($A5="","",D5*E5)` लिहा. 'यादीत नाही' या शब्दांना नगांनी गुणता येत नाही, म्हणून रक्कम आणि खालची बेरीज दोन्हीकडे `#VALUE!` येतं आणि कोटेशन पुढे जात नाही. असंच व्हायला हवं.

एक छुपी जागा तरीही उरते. कोड दरपत्रकात आहे, पण त्याच्यासमोर दर भरायचा राहिला आहे. अशा वेळी फॉर्म्युला 'सापडलं नाही' म्हणत नाही, तो ० आणतो. नवा माल यादीत चढवताना ही चूक सहज होते. छापण्याआधी दराच्या कॉलमवरून एकदा नजर फिरवा, किंवा शून्य दर लाल दिसेल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ठेवा.

आणि कोड डोळ्यांना तंतोतंत दिसत असूनही `#N/A` येत असेल तर? बहुतेक वेळा शेवटी एक मोकळी जागा राहिलेली असते, विशेषतः कंपनीच्या पीडीएफमधून यादी चिकटवली असेल तेव्हा. एका रिकाम्या सेलमध्ये `=LEN(Dar!A3)` लिहा. `W15` ची लांबी ३ यायला हवी. ४ आली तर चोर सापडला. `TRIM` ही जादा जागा काढून टाकतो. कोड नुसते आकड्यांचे असतील तर आणखी एक कारण असतं: एकीकडे 105 आकडा म्हणून असतो आणि दुसरीकडे अक्षरं म्हणून. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर हेच झालं आहे असं समजा. कोडची सुरुवात अक्षराने केली की हा प्रश्नच उरत नाही.

५. मापातली फुली

हार्डवेअरवाल्यांनी ही गोष्ट खास लक्षात ठेवावी. आपल्याकडे मापं `8*25`, `4*6` अशी लिहायची सवय आहे. पण `VLOOKUP` मध्ये शोधायच्या शब्दात तारा आला की त्याचा अर्थ 'इथे काहीही चालेल' असा होतो, `FALSE` असलं तरीसुद्धा. तुम्ही `8*25` शोधलंत आणि यादीत `8*125` चा बोल्ट वर असेल, तर 8 ने सुरू होऊन 25 ने संपणारं पहिलं नाव म्हणून एक्सेल लांब बोल्टचा दर आणून देईल. प्रश्नचिन्हाचंही तसंच, ते कुठल्याही एका अक्षराच्या जागी चालतं.

उपाय साधा आहे. कोडमध्ये ताऱ्याऐवजी x हे अक्षर वापरा: `8x25`. यादी जुनी असेल तर शोधा-आणि-बदला मधून तारे बदलता येतात, पण तिथेही तारा म्हणजे 'काहीही'. म्हणून शोधायच्या चौकटीत `~*` लिहा. नुसता `*` लिहिलात तर सगळ्या सेलमधला मजकूर पुसून x होऊन बसेल.

६. मध्ये कॉलम घातला तर

दुकान चालू लागलं की दरपत्रकात एक कॉलम हमखास वाढतो, खरेदी दराचा. विक्रीदराच्या शेजारीच हवा म्हणून तो C आणि D च्या मध्ये घातला जातो. आता फॉर्म्युल्यातला 4 काय आणेल? 4 तिथेच राहतो, एक्सेल तो बदलत नाही, आणि चौथा कॉलम आता खरेदी दराचा आहे. कोटेशनमध्ये तुमचा खरेदीचा भाव छापून येईल. आकडा विक्रीदराच्या आसपासचाच असल्याने घाईत कोणाच्या लक्षातही येणार नाही.

कॉलम मोजून सांगण्याऐवजी तो थेट दाखवला की हा धोका टळतो. त्यासाठी नवा फॉर्म्युला आहे:

```
=XLOOKUP($A5,Dar!$A$2:$A$400,Dar!$D$2:$D$400,"यादीत नाही")
```

काय शोधायचं, कोणत्या कॉलममध्ये शोधायचं, कोणत्या कॉलममधून आणायचं, आणि नाही मिळालं तर काय लिहायचं. मध्ये कॉलम घातला तर D चा E आपोआप होतो. तंतोतंत जुळणं इथे गृहीतच असतं, त्यामुळे `FALSE` लागत नाही. वेगळं सांगितल्याशिवाय तारा हा ताराच राहतो, म्हणून मागच्या भागातला बोल्टचा घोळही होत नाही.

पण हा फॉर्म्युला एक्सेल २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गुगल शीट्समध्ये चालतो. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये तो नाही, तिथे टाइप केलात तर `#NAME?` येतं. दुकानातला संगणक जुना आणि घरचा नवा असेल तर दोन्हीकडे चालणारी जोडी वापरा:

```
=INDEX(Dar!$D$2:$D$400,MATCH($A5,Dar!$A$2:$A$400,0))
```

आतला `MATCH` कोड कितव्या ओळीत आहे ते सांगतो, बाहेरचा `INDEX` दराच्या कॉलममधली त्या क्रमांकाची ओळ उचलतो. शेवटचा 0 म्हणजे तंतोतंत. तारा आणि प्रश्नचिन्हाची खबरदारी मात्र इथेही घ्यावी लागते. फॉर्म्युला दिसायला अवघड आहे, पण एकदा लिहून खाली ओढला की पुन्हा हात लावावा लागत नाही. नवीन फाईल करणाऱ्याने `VLOOKUP` समजून घ्यावा आणि वापरावा मात्र या दोहोंपैकी एक, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरेदी दर त्याच फाईलमध्ये असेल तर आणखी एक पथ्य पाळा. गिऱ्हाइकाला एक्सेल फाईल कधीही पाठवू नका, पीडीएफ करून पाठवा. लपवलेली शीट दोन क्लिकमध्ये उघडते.

७. बिल झालं की फॉर्म्युला काढून टाका

आतापर्यंतचं सगळं दर आपोआप येण्यासाठी होतं. आता तो थांबवण्याबद्दल. फॉर्म्युला दराची नक्कल करून ठेवत नाही. तो दरपत्रकातला आजचा दर दाखवतो. त्यामुळे दरपत्रक बदललं की त्याला जोडलेलं प्रत्येक जुनं बिलही बदलतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. समजा, २० सप्टेंबरला तुम्ही ५० गोण्यांचं बिल केलं होतं. ३०० रुपये दराने १५,००० आणि त्यावर २८ टक्के कर ४,२००, एकूण १९,२००. कराचा टक्काही दराप्रमाणेच दरपत्रकातून आणला होता असं धरा. २२ तारखेला `Dar` शीटवर सिमेंटसमोर १८ लिहिलंत आणि त्यानंतर कधीतरी जुनं बिल उघडलंत, तर ते १७,७०० दाखवेल. गिऱ्हाइकाकडे असलेल्या छापील बिलावर १९,२००, तुमच्या संगणकात १७,७००. विवरणपत्र भरताना किंवा उधारी वसूल करताना हा १,५०० रुपयांचा फरक कोणाला समजावणार?

म्हणून बिलाला नंबर पडला की सगळा भाग निवडून कॉपी करा, आणि त्याच जागी `Ctrl+Alt+V`, मग `V`, मग एंटर. गुगल शीट्समध्ये `Ctrl+Shift+V`. फॉर्म्युले जाऊन नुसते आकडे उरतात. हे बिलाच्या प्रतीवर करायचं, फॉर्म्युले असलेला कोरा नमुना वेगळ्या नावाने जपून ठेवायचा. आकडे झालेलं बिल लगेच पीडीएफ करून तारखेच्या फोल्डरमध्ये टाका.

कोटेशनलाही हाच नियम लावा. 'दर १५ दिवसांपर्यंत वैध' असं तुम्ही खाली लिहून देता. मधल्या काळात तांब्याचा भाव चढला आणि वायरचे दर बदलले, तरी पाठवलेल्या कोटेशनमधला शब्द तुम्हाला पाळायचा असतो, आणि त्यासाठी तो दर तुमच्याकडे जसाच्या तसा राहायला हवा. कोटेशन तयार होईपर्यंत दर जिवंत राहू द्या, पाठवण्याच्या क्षणी गोठवा.

दुकानात असं शीट आधीपासून वापरात असेल तर आज एक तपासणी करा. फाईलची एक प्रत काढा, त्या प्रतीत दरपत्रकातला कुठलाही एक दर दुप्पट करा आणि मागच्या महिन्यातलं बिल उघडा. आकडा बदललेला दिसला, तर नवीन बिल करण्याआधी जुनी बिलं गोठवून घ्या. गोठवताना प्रत्येक बिलाची रक्कम छापील प्रतीशी ताडून पाहा, कारण मधल्या काळात दर बदलले असतील तर पडद्यावरचा आकडा आत्ताच चुकलेला असेल.